सकाळी नऊची ओळ

माझ्या ओळीखाली रोज एक टिंब यायला लागलं, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "मॅडम, ही चेष्टा आहे. त्याला लेखी समज द्या."

मी म्हैसूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्नल कम्युनिकेशन बघते. म्हणजे कंपनीचं कंपनीतल्याच लोकांशी बोलणं. नजरबाद भागातलं ऑफिस बंद करून सगळ्यांना कायमचं घरून काम दिलं, तेव्हा माझ्याकडे एक नवं काम आलं. घरात एकटं वाटणाऱ्यांसाठी रोज सकाळी नऊला ऑफिसच्या चॅट ग्रुपवर एक धीराची ओळ टाकायची.

"तुम्ही एकटे नाही, आम्ही सगळे सोबत आहोत." "आज मनमोकळं बोला, हसत राहा." असं मी इंग्रजीत लिहायची. खाली अंगठे यायचे. मॅनेजर खूश.

आणि एक टिंब. नुसता पूर्णविराम. पाठवणारा निखिल, टेस्टिंगमधला. नवीन सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. तीन आठवडे रोज टिंब. राग म्हणावा तर शब्द नाही, होकार म्हणावा तर अंगठा नाही. त्याच्या टीम लीडला विचारलं. ती म्हणाली, "काम वेळेवर देतो. कॅमेरा बंद असतो. बाकी गोत्तिल्ला." म्हणजे ठाऊक नाही.

समज द्यायची तर कशाबद्दल? टिंबाबद्दल? नियमात तसं काही नव्हतं. मॅनेजर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर मी एचआरला कळवतो." सोमवारी मी त्याला फोन लावला.

"हॅलो," आवाज घोगरा आला. त्यानं खाकरून पुन्हा हॅलो म्हटलं.

"बरं नाही का तुम्हाला?" मी इंग्रजीत विचारलं.

"बरा आहे. शुक्रवारनंतर आत्ताच बोलतोय, म्हणून."

आडनावावरून मी मराठीत सुरू केलं. त्यानं विचारलं, "तुम्ही मराठी?"

"आम्ही इथलेच. आजोबा कापड रंगवायचे. आमची मराठी अर्धी कन्नडच आहे, स्वल्प सांभाळून घ्या."

तो साताऱ्याचा. सरस्वतीपुरममध्ये वरच्या मजल्यावर एकटा राहतो. मी टिंबाचं विचारलं.

"काहीच लिहिलं नाही तर मी आहे हे कोणाला कळणार? आणि अंगठा दिला तर आवडलं असं होतं. मॅडम, तुम्ही लिहिता एकटे नाही. पण मी एकटा आहे ना. मग मला वाटतं, बाकी सगळे ठीक आहेत, माझंच काहीतरी बिघडलंय."

इतके दिवस अंगठे मोजत होते मी.

"मनमोकळं बोला म्हणता," तो पुढे म्हणाला, "कोणाशी? तीनशे जणांच्या ग्रुपवर? आणि सकाळी नऊला कामाची गडबड असते. जड जातं ते चार वाजता."

त्याला कोणाशी नीट बोलावंसं वाटलं तर म्हणून कंपनीच्या समुपदेशकाचा नंबर दिला. मग ओळ लिहायला बसले. नऊ वेळा खोडली. आधी जे आहे ते मान्य करायचं, ते सुधारायची घाई नाही. मग दोन मिनिटांत होईल एवढंच सुचवायचं, एका माणसापुरतं. आणि नकाराला जागा ठेवायची. दुपारी चारला पाठवली:

"आज दिवसभर कोणाशी बोलणं झालं नसेल, तर तसं होतं. तुमचं काही चुकलेलं नाही. जमलं तर एकाच माणसाला नाव घेऊन विचारा, जेवण झालं का. नाही जमलं तरी चालेल."

अंगठे निम्म्याहून कमी. मॅनेजर म्हणाले, "बघा, पडली." मलाही तसंच वाटलं. निखिलचं टिंबही नाही. मी घाबरले.

पाऊण तासानं त्याचा मला वेगळा मेसेज आला. "टीम लीडना विचारलं. त्यांनी लिहिलंय, ऊट आय्तु, निम्दु? यातलं निम्दु म्हणजे काय? रागावल्या का?"

मी लिहिलं, "जेवण झालं, तुमचं? असं विचारतायत. उत्तर द्या."

त्यानं दिलं असावं. पुढच्या आठवड्यात टीम लीडनं सांगितलं, रोज चारला तो तिच्याकडून एक कन्नड शब्द शिकतो. कॅमेरा अजून बंदच आहे. एकटेपणा गेला का, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणतो, "काही दिवस बरे जातात." एचआरकडे पत्र गेलं नाही.

अंगठे कमी आणि उपयोग झालेला, हे रिपोर्टात कसं लिहायचं ते मला आजही कळलेलं नाही. आता आठवड्याला दोनच ओळी पाठवते, खाली माझा फोन नंबर देते, आणि फोन आला तर उचलते. नंबर द्यायची तयारी नसेल, तर अशी ओळ लिहू नये.