उसाच्या रसावरचा आळ

टाकीचं झाकण उघडं होतं, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

आदिलाबादच्या या घरात मी आणि माझी थोरली बहीण, दोघंच राहतो. मेव्हणे गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. ती प्यायचं पाणी रोज उकळायची. त्या उन्हाळ्यात मी गच्चीवरची टाकी रिकामी केली, तळाचा गाळ काढला, भिंती ब्रशने घासल्या, ब्लीचिंगचं पाणी भरून काही तास ठेवलं आणि सोडून दिलं. मग ताजं पाणी भरून ऐटीत खाली आलो.

“काऊन गॅस जाळून राह्यली ताई? टाकी आरशासारखी केली म्या.”

“टाकी केली रे. पण नळाला काय येते, ते पाह्यलं का तू?”

“मंग माझी मेहनत पाण्यात गेली म्हण!”

ती हसली. माझ्या रोजच्या टोमण्यांना कंटाळून शेवटी तिने उकळणं सोडलं.

पुढे एका सकाळी वर गेलो, तर माकडांनी झाकण बाजूला फेकलेलं. पाण्यावर पानं होती, काठावर विष्ठा, थोडी आतही. सगळं पाणी सोडून टाकी पुन्हा घासायला हवी होती. ते होईपर्यंत निदान, “ताई, पाणी उकळ,” एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण मग तिचं खरं ठरलं असतं. मी वरवरची घाण काढली, झाकण लावलं, त्यावर वीट ठेवली. पाणी स्वच्छ दिसत होतं. तरी त्या दिवसापासून मी ऑफिसच्या फिल्टरची बाटली भरून आणू लागलो. स्वतःपुरती.

दोन-तीन दिवसांत तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, “बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं का?” ती ओशाळून म्हणाली, “परवा भैंशा गावाला गेले होते, तिथल्या बस स्टँडवर उसाचा रस घेतला होता.” मी शेजारीच उभा होतो. मान डोलावली.

घरी परतून मी टाकी पुन्हा धुतली. तिला सांगितलं, “डॉक्टर म्हणले, आता उकळूनच पी.” डॉक्टर तसं म्हणाले होतेच.

त्याच आठवड्यात भाचीचं बाळंतपण झालं. ताईने मेथीचे लाडू करून ठेवले होते, पण जाता आलं नाही. भाची फोनवर म्हणाली, “आई, तुले रस सुटला नाही, अन् मी एकटी पडली.” ती हसत म्हणाली असेल, पण ताईने फोन ठेवला आणि तोंडाला पदर लावला. मायलेकी बोलतात, पण त्या बोलण्यात अजून ती गोष्ट असते. ताई आता बाहेरचा चहासुद्धा घेत नाही.

कदाचित रसानेही झालं असेल; मला खात्री नाही. पण टाकीचं मला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

मी ताईला आणि भाचीला, दोघींना समोर बसवून, त्या उघड्या झाकणाची आणि माझ्या बाटलीची गोष्ट सांगायचं देणं लागतो. अजून सांगितलेली नाही.