उलटा चारमिनार

जेठानं, माझ्या थोरल्या दिरानं, ते नाणं माझ्या वडिलांच्या ताटात टाकलं. वरणभाताच्या ताटात. वडील मूळ म्हणून मला माहेरी न्यायला आले होते, लग्नानंतर पहिल्यांदाच. दोन घास खाल्ले असतील. वरण त्यांच्या सदऱ्यावर उडालं.

"सोनाराकडं घासून आनलं," जेठ म्हणाला. "वरून सोन्याचा मुलामा, आत चांदी. हाई अशरफी नही शे, अठन्नी शे. लेक दिली का भंगार दिलं?"

वडिलांनी नाणं ताटातून उचललं आणि पाण्याच्या तांब्यात बुडवून धुतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. उलटसुलट करून बघितलं, घासलेल्या जागी सोनं दिसेना. हात धुतले, पागोटं घातलं आणि मला न घेता निघून गेले. नाणं पाटावर राहिलं.

मी दाराआड होते. मला वाचता येत होतं. माझं माहेर घाटाच्या पलीकडे, निजामाच्या मुलखात. गावच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले आणि उर्दू सक्तीची होती. पाट उचलायला गेले तेव्हा नाण्याच्या मध्ये "हश्त आना" लिहिलेलं मला दिसलं. आठ आणे. आणि वडिलांनी लग्नात माझ्या गळ्यात घातलेल्या नाण्याच्या मध्ये "यक अशरफी" लिहिलेलं होतं. ते मी शंभरदा वाचलं होतं. अशरफी आणि निजामाची हाली अठन्नी आकारानं जवळजवळ सारख्या, दोन्हींवर तोच चारमिनार. नुसत्या डोळ्यानं बघणारा सहज फसतो.

आणखी एक होतं. आमच्या गावच्या सोनारानं अशरफीला कडी बसवताना ती चुकून खालच्या बाजूला बसवली होती. त्यामुळे माझ्या गळ्यात चारमिनार उलटा लटकायचा. आई म्हणायची, राहू दे, सोनं काही उलटं होत नाही. पाटावरच्या नाण्याला कडी वर होती.

म्हणजे नाणं बदललेलं होतं. सोनाराकडे नेलं होतं जेठानं, आणलंही त्यानंच. पण आमच्याकडे भावजयीनं जेठासमोर तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचं तर मुळीच नाही. पदर हनुवटीपर्यंत. मी बोलले नाही. नंतर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप ऱ्हाय. मियाँची अक्षरं कोन मानतंय?"

माझ्या माहेरावर खोटं सोनं देणाऱ्यांचं घर असा डाग बसला. भावाची ठरलेली सोयरीक त्यावरून मोडली. वडील त्यानंतर फार जगले नाहीत. मला त्यांच्या मातीलाही पाठवलं नाही. बोदवडच्या त्या घरात मी नवरा मरेपर्यंत राबले आणि जेठासमोर पदर खाली घेऊन वावरले. त्यानं माझा चेहरा कधी पाहिला नाही. मी त्याचा रोज पाहिला.

नवरा गेल्यावर मी धुळ्याला आले आणि एका घरी स्वयंपाकाला लागले. मालक कापसाच्या जिनिंग मिलमधून निवृत्त झालेले मॅनेजर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. बायको वारलेली, मुलं परगावी, आणि नाणी जमवण्याचा नाद. इंग्रजी राजाची, होळकरांची, गायकवाडांची नाणी पत्र्याच्या डब्यांत कापसात ठेवलेली असत. एकदा टेबल पुसताना मी एका नाण्यावर "दो आना" असं मोठ्यानं वाचलं. तेव्हापासून हैदराबादचं काही आलं की नाना हाक मारायचे, "अक्का, कणीक ठेवा जरा बाजूला."

ही गोष्ट एकोणीसशे सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची असेल. जळगावच्या एका दलालानं पाकिटातून फोटो पाठवला. नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच कागदावर, काळ्यापांढऱ्यात. त्यात सोनं काय आणि चांदी काय, सगळं राखाडी.

"हेच तर कोडं आहे," नाना म्हणाले. "विकणारा अशरफी म्हणतो. मी चारमिनाराच्या मुलामा दिलेल्या अठन्न्या घेऊन दोनदा फसलो आहे. काय लिहिलंय ते पूर्ण सांगा, मी उतरवून घेतो."

मी हात पुसले आणि भिंग घेतलं. गोल लिहिलेलं वाचायचं तर आधी सुरुवात शोधावी लागते. तव्यावरची भाकरी फिरवावी तसा फोटो फिरवला. "जुलूस" सापडलं की पुढचं आपोआप येतं. "जुलूस मैमनत मानूस, जर्ब फरखुंदा बुनियाद हैदराबाद." नानांना अर्थ सांगितला: मंगल राज्यारोहणाचं अमुक वर्ष, भाग्याच्या पायावर उभ्या हैदराबादेत पाडलेलं नाणं. दुसऱ्या बाजूला चारमिनाराभोवती निजामाचे किताब, निजाम-उल-मुल्क, आसफजाह, बहादूर. वर ब्याण्णवचा आकडा. अक्षरांना आकडे देऊन बेरीज केली की तो पैगंबरांच्या नावाचा होतो, असं आमचे मौलवी शाळेत सांगायचे. मधल्या कमानीत ऐन हे अक्षर, त्या निजामाच्या नावातलं पहिलं. नाना लिहीत होते.

"आणि हिजरी वर्ष?"

"खाली असतं," मी म्हटलं आणि भिंग खाली सरकवलं. वर्षाचे शेवटचे आकडे डाग लावून बुजवल्यासारखे होते. कडी काढल्यावर सोनाराच्या डाकाचा, जोडाचा, राहतो तसा डाग. खालच्या बाजूला.

मग पहिल्या बाजूची मधली ओळ वाचली. यक अशरफी.

मी भिंग खाली ठेवलं. विचारलं, "नाना, विकणारा कुठला?"

"बोदवडचा. म्हातारा आहे म्हणे."

मी नानांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "अक्का, माझ्या घरात भांडण नको."

"भांडण नाही करणार. नाणं खरं दिसतंय असा निरोप पाठवून बोलवा त्याला. फक्त कोणत्या घरातून आलं ते विचारा. तसं तुम्ही सगळ्यांनाच विचारता."

"विचारतोच."

"आणि तो येईल त्या दिवशी माझा भाऊ इथं ओसरीवर बसेल."

जेठ दुपारी आला. काठी टेकत, पांढरी टोपी, धोतर परीटघडीचं. जातीच्या बैठकीत पंच म्हणून बसायचा, तसाच ऐटीत खुर्चीत बसला. माझा भाऊ बाजूच्या बाकावर होता. जेठानं त्याला मिसरूड फुटायच्या वयात लग्नात पाहिलं असेल, ओळखलं नाही. मी पदर ओढून पाणी दिलं. पेला घेताना त्यानं सवयीनं मान दुसरीकडे वळवली. चाळीसेक वर्षं तो असाच मान वळवून माझ्या हातचं पाणी प्यायला होता.

नानांनी नाणं काट्यावर ठेवलं, भिंगातून बघितलं. "अक्षरं बरोबर, वजन बरोबर. पण हल्ली बनावट ठसेही निघतात."

"कसोटीवर घासा की."

"घासलेलं नाणं मला नको, किंमत जाते त्याची. कोणत्या घरातलं ते सांगा."

"आमच्याच. वडिलोपार्जित."

नाना हसले. "बोदवडात निजामाची अशरफी वडिलोपार्जित कशी? तुमच्याकडे इंग्रजी कलदार रुपया चालायचा. हे घाटापलीकडचं. आणि कडीची खूण खाली कशी? मला संशय येतोय. राहू द्या, घेऊन जा."

त्यांनी नाणं त्याच्या पुढ्यात सरकवलं. दलालानं त्याला सोन्याच्या भावाच्या कितीतरी वर किंमत मिळेल असं सांगितलेलं होतं. जेठानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"खरं सांगतो," तो म्हणाला. "माझ्या धाकल्या भावाच्या सासऱ्यानं पोरीच्या गळ्यात घातलेली शे. तिकडच्या अडाणी सोनारानं कडी उलटी लावली, म्हनून खून खाली. बठ्ठं, आतबाहेर, सोनं शे, नाना. तो मानूस खोटं देनारा नव्हता. त्याच्या जिभेवर लोक धान्य उधार द्यायचे."

माझा भाऊ बाकावरून उठला. मी त्याला हातानं थांबवलं.

"मग त्याच्या ताटात काय टाकलं होतं तुम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदा मी जेठाशी बोलले. त्याला आवाज ओळखू येण्याचं कारणच नव्हतं. तो नानांकडे बघून म्हणाला, "हाई कोन शे?"

मी पदर मागे टाकला. तरीही त्याला कळलं नाही. चेहरा पाहिलेलाच नव्हता. मी भावाकडे बोट केलं. "हा त्या खोटं न देणाऱ्याचा मुलगा. आणि मी त्याची लेक. तुमच्या घरी आले ती."

जेठानं काठी उचलली. मग तो नानांना म्हणाला, "तुम्ही मले फसवलं."

"मी तुम्हाला घर विचारलं," नाना म्हणाले. "तुम्ही सांगितलं. चोरीचं नाणं मी घेत नाही."

जेठानं अशरफी माझ्या पायाशी ढकलली. "घे तुझं. आन तोंड बंद ठेव. घरातली गोष्ट शे."

मी नाणं घेतलं. तोंड बंद ठेवलं नाही.

पुढच्या बैठकीला आम्ही बोदवडला गेलो. नाना, भाऊ आणि मी. जेठ पंचांच्या सतरंजीवर बसला होता. बाईनं तिथं बोलायचं नसतं, म्हणून दोन-तीन म्हातारे खाकरले. एक म्हणाला, "अक्का, घरी बसा, चहा पाठवतो."

"चहा तुम्ही प्या," मी म्हटलं. "मी चाळीस वर्षं पाजला आहे."

नानांनी फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरवला आणि उतरवून घेतलेलं वाचून दाखवलं. मधली ओळ, यक अशरफी, शेवटी वाचली. मग जेठ त्यांच्या ओसरीवर काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांगितलं. जेठ नाही म्हणाला. मग हो म्हणाला. मग म्हणाला, आमच्या आईनंच नाणं बदलायला सांगितलं होतं. त्याची आई मेलेली होती, ती काय बोलणार?

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुमले काय पाहिजे?"

"वडील खोटे नव्हते हे त्यानं उभं राहून म्हणावं. इथं. मोठ्यानं."

त्याला दोघांनी धरून उभं केलं. तो म्हणाला. अर्धं ऐकू आलं. मी म्हटलं, पुन्हा. तो पुन्हा म्हणाला. माझा भाऊ रडला. मी रडले नाही, मला त्याचं तोंड बघायचं होतं. ते मी नीट बघून घेतलं.

त्यानंतर जेठाला सतरंजीवर कोणी बसवलं नाही. त्याच्या नातीचं लग्न ठरत होतं, तेही मोडावं असं माझ्या मनात होतं. मोडलं नाही. तिच्याशी माझं वैर नव्हतं, पण मला वाईटही वाटलं नसतं. जेठ मेल्याचा निरोप आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पोळ्या पूर्ण केल्या. माझ्या वडिलांच्या मातीला मला कोणी पाठवलं नव्हतं, त्याच्या मातीला मी गेले नाही.

अशरफी भावाकडे आहे. वडील गेले, आई गेली, नवरा गेला, जेठ गेला, आता नानाही गेले. भाऊ आणि मी जिवंत आहोत.