बत्तीस दातांची ओळ

माझ्या नाकावर राग असतो हे घरचे सगळे सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण ज्या माणसामुळे माझी बेंगळुरूची नोकरी टिकली, त्याच्यावर मी पहिल्या अर्ध्या तासात दोनदा डाफरले होते, हे लिहिताना आजही कान तापतात.

मारतहळ्ळीत आमचं चार जणांचं ऑफिस होतं. जुनी छापील पुस्तकं, तक्ते, रजिस्टरं स्कॅन करायची, ओसीआर लावून त्यातली अक्षरं आणि आकडे काढायचे आणि कॉम्प्युटरला वाचता येईल असा तक्ता करून द्यायचा, हा धंदा. मी पुण्याहून आले होते. तीन महिने प्रोबेशन होतं आणि त्यातले अडीच संपले होते. आधीच्या कंपनीने माणसं कमी केली तेव्हा मी एकदा घरी बसले होते, त्यामुळे पुन्हा बसायची कल्पनाही नको वाटायची. मॅडमनी, म्हणजे आमच्या बॉसनी, स्वच्छ सांगितलं होतं, "ये काम अकेले करो. क्लायंटने साइन किया तो तुम पक्की."

क्लायंट म्हणजे पीण्या या औद्योगिक वसाहतीतला गिअर बनवणारा छोटा कारखाना. त्यांच्याकडे दात पाडणारं एक जुनं हॉबिंग मशीन आहे. गोल लोखंडाच्या तुकड्यावर किती दात पडणार हे त्या मशीनच्या बाजूला कुठली गिअरं चढवता त्यावर ठरतं. कधी दोन गिअरं पुरतात, कधी चार लागतात. कितीला कुठली, याचा तक्ता मशीनसोबत आलेल्या पुस्तकात होता. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, पुस्तक एकच आणि पानं हात लावला की तुटणारी. हा तक्ता झाला की आणखी अकरा पुस्तकं मिळणार होती, म्हणून हाताने टाइप न करता प्रोग्रामनेच करायचं ठरलं होतं.

तक्ता टाइपरायटरवर केलेला. रकाने एकमेकांना चिकटलेले आणि शाई उडालेली. त्यामुळे दोन आकड्यांमधली फट कुठली आणि दोन रकान्यांमधली कुठली, हे ओसीआरला कळेना. ४८ चे ४ आणि ८ व्हायचे, ४० चे ४ आणि ०. मी नियम बसवला: ओळीत पहिला आकडा हव्या असलेल्या दातांचा, पुढे चार गिअरं, म्हणजे एकूण पाच आकडे. दोनच गिअरं असतील तर तीन. पाच किंवा तीन भरले की ओळ बरोबर. जास्त भरले तर शेजारचे सुटे अंक जोडायचे आणि ती ओळ स्कॅनशी ताडून बघायची. जी ओळ कुरकुरली तिच्याकडे मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. जी गप्प बसली तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

प्रिंट घेऊन मी सकाळी पीण्याला पोचले. दुपारी चारला मालक आणि मॅडम दोघं येऊन सही करणार होते. तोवर तक्ता तपासायला मालकांनी त्यांचा जुना ऑपरेटर दिला. साठीला आलेला, निळ्या शर्टाचा, कपाळावर बारीक गंध. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. मी हिंदीत सुरुवात केली तर तो म्हणाला, "मराठी बोल की. आमच्या घरात मराठीच. किती पिढ्या इथं आहोत ते आमालाच माहीत नाही."

त्याने प्रिंट हातात घेतला आणि ओळीवर बोट ठेवून एकेक आकडा वाचायला लागला. मी म्हटलं, "अण्णा, सगळं चेक केलंय मी." तो म्हणाला, "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, आणि वाचत राहिला. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात, "अहो, असं एकेक वाचलं तर संध्याकाळ होईल." त्याने मान वर केली नाही. मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत.

"हे बघ. बत्तीस दात. ३, ६, ४, ८. तीन दाताचं गिअर कुठं बघितलीस तू? ते गिअर का त्रिशूळ?"

मी लॅपटॉपवर स्कॅन उघडला. त्या ओळीत मुळात दोनच गिअरं होती, ३६ आणि ४८. पुढचे दोन रकाने रिकामे. रिकामा रकाना ओसीआरला दिसत नाही. आणि ३६ चे दोन, ४८ चे दोन तुकडे झाल्यावर ओळीत बरोब्बर पाच आकडे भरले होते. माझा नियम खूश झाला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं माझं झालं होतं. अशा आणखी किती ओळी शहाण्यासारख्या बसल्या असतील, मला ठाऊक नव्हतं. चार वाजायला पाच तास होते.

मी बहुतेक रडवेली झाले असेन, कारण अण्णाने प्रिंट घडी करून खिशात टाकला आणि म्हणाला, "स्वल्प थांब. आधी बाय-टू कॉफी घेऊ." एका कॉफीचे दोन छोटे पेले आले. ती अर्धी कॉफी मला औषधासारखी लागली.

मग तो मला एका लोखंडी कपाटापाशी घेऊन गेला. आत खुंट्यांवर गिअरं टांगलेली, प्रत्येकावर दातांचा आकडा ठोकलेला. सगळ्यात लहान चोवीसचं. "या कपाटात नाही तो आकडा तक्त्यात येणारच नाही," तो म्हणाला. "आणि अजून एक. या मशीनचा ठरलेला आकडा चोवीस. चोवीस भागिले पाडायचे दात. पहिलं गुणिले तिसरं, त्याला दुसरं गुणिले चौथ्यानं भाग. दोन्हीकडं तेच यायला पाहिजे. दोनच गिअर असली तर पहिलं भागिले दुसरं."

मी मोबाइलवर केलं. ३६ भागिले ४८, पाऊण. चोवीस भागिले बत्तीस, पाऊण. सहासष्ट दातांची ओळ केली: २४, ४८, ४०, ५५. तीही जुळली. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

कपाटातले सगळे आकडे मी लिहून घेतले. मशीनशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवला आणि प्रोग्राम नव्याने लिहिला. ओळीतली प्रत्येक फट ठेवून बघायची, मिटवून बघायची, अशा सगळ्या जुळण्या करायच्या. गिअरांचे आकडे कपाटात असले पाहिजेत आणि भागाकार जुळला पाहिजे. एकच जुळणी उरली तर ती घ्यायची. एकाहून जास्त उरल्या किंवा एकही उरली नाही तर माणसाला विचारायचं. एक गोष्ट मात्र मी पक्की ठेवली: फटी हलवायच्या, अंकाला हात लावायचा नाही.

गप्प बसलेल्या ओळींपैकी एकोणीस खोट्या निघाल्या. एकोणीस! त्या सगळ्या आपापल्या जागी बसल्या. दोन वाजता एकच ओळ उरली, बावन्न दातांची. २४, ६५, ५०, ४८. फटी कशाही हलवल्या तरी जुळेना. या आकड्यांनी बासष्ट पूर्णांक चार दशांश दात येत होते. शेवटचा आकडा ४० असता तर बावन्न आले असते. मला वाटलं, ओसीआरने शून्याचा आठ वाचला असेल. अंक बदलून टाकायचा मोह झाला, कोण बघतंय? पण सकाळचा त्रिशूळ ताजा होता. मी स्कॅन मोठा करून बघितला. छापलेला आकडा स्पष्ट ४८ च होता, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलचा एक बारीक ठिपका.

अण्णाला दाखवलं. त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"पुस्तकच चुकलंय ते," तो म्हणाला. "मी कामाला लागलो त्या वर्षी हेच वाचून मशीन लावलं. आधी हलका ओरखडा घेऊन दात मोजायचे असतात, ते पण केलं नाही. घाई. पहिला फेरा सुंदर गेला. दुसऱ्या फेऱ्यात कटर आधीच्या दातावरून गेला, सगळा माल कचरा. माझे उस्ताद आले, बघितलं. मला वाटलं, आज घरी जायचं. त्यांनी रिजेक्ट रजिस्टरला लिहिलं, तक्त्यात चूक. आणि पुस्तकात हा ठिपका दिला. म्हणाले, आता तुला ही ओळ जन्मात विसरायची नाही." मग हसून म्हणाला, "त्यांनी त्या दिवशी हाकललं असतं तर आज तुला त्रिशूळ कोण दाखवलं असतं?"

त्या ओळीत मी छापलेला ४८ तसाच ठेवला आणि शेजारी टीप लिहिली: छपाईची चूक, ४० वाचावे.

चारला मालक आले, मॅडम आल्या. मालकांनी अण्णाला कन्नडमध्ये विचारलं, तक्त्यात काही चुका सापडल्या का. तेवढं कन्नड मला कळत होतं. सकाळचा प्रिंट त्याच्या खिशात होता, घडीचा कोपरा बाहेर दिसत होता.

अण्णा म्हणाला, "एक सापडली. पुस्तकाची. हिनं शोधली."

मालकांनी सही केली. माझा जीव भांड्यात पडला, पण तिथे तो फार वेळ राहीना. परतीच्या कॅबमध्ये हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये मी मॅडमना सगळं सांगून टाकलं, एकोणीसच्या एकोणीस ओळी. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "वो डिव्हिजनवाला चेक बाकी किताबों में भी लगाना. हर किताब का अपना कुछ होगा, जाके पूछना." पुढच्या सोमवारी नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळालं.

त्यानंतर प्रत्येक पुस्तकासाठी मी आधी त्या मशीनवरच्या माणसाला भेटत गेले, आणि तो आकडे वाचत असताना गप्प बसायला शिकले. अण्णाकडे निमित्त काढून जायची. मी त्याचे आभार कधी धड मानले नाहीत. तोंड उघडलं की तो कॉफी मागवायचा.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. मशीनवर आता एक तरुण मुलगी होती, माझा तक्ता प्लास्टिकमध्ये घालून समोर टांगलेला. अण्णाने कपाट उघडलं, चोवीसच्या गिअरामागून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. माझा तो पहिला प्रिंट. घडीवर तेलाचे डाग पडले होते. मला वाटलं होतं, त्याने कधीच फाडून टाकला असेल.

मी उलगडला. बत्तीसच्या ओळीत ३, ६, ४, ८ तसेच होते, आणि शेजारी पेन्सिलचा एक बारीक ठिपका.