गाडी माझी, विमा त्यांच्या मर्जीचा

मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. गाडी माझ्या पगारातून घेतलेली, माझ्याच नावावर. दहा वर्षं उलटली तरी घर, दवाखाना, बाजार एवढंच तिचं फिरणं. कधी भद्रावतीला बहिणीकडे, बस्स. दरवर्षी फुल विमा, आणि इतक्या वर्षांत एकदाही क्लेम नाही.

गेल्या उन्हाळ्यात वादळात दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाची जाड फांदी गाडीवर पडली. टप आत बसला, बोनेट वाकलं, समोरची काच गेली. कोणाला लागलं नाही म्हणून मला हायसं वाटलं आणि मी विमा एजंटला फोन लावला. तो म्हणाला, यात काही मिळणार नाही. यंदा फक्त थर्ड पार्टी आहे. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देतात, आपल्या गाडीचं नाही.

मी विचारलं, फुल काढायचं सोडून हे कोणी ठरवलं?

"भाऊले विचारलं होतं ना बाई. जुनी गाडी, गावातच फिरते, काऊन जास्त भरता म्हटलं. भाऊ म्हणे, करून टाक."

भाऊ म्हणजे माझा नवरा. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, तुझी ड्युटी होती, उगाच त्रास कशाले द्यायचा. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

एजंटचा सल्ला अगदीच वेडगळ नव्हता, हे मला गॅरेजवाल्यानं सांगितलं. एवढ्या जुन्या गाडीच्या लोखंडी भागांचे निम्मेच पैसे मिळतात, काचेचे मात्र कापत नाहीत. वरून थोडी रक्कम आपल्याला सोसावीच लागते. म्हणजे फुल असता तरी सगळं मिळालं नसतं. ते मला मान्य आहे. पण हा हिशेब माझ्यासमोर मांडायला हवा होता. मग मी ठरवलं असतं, चुकले असते तरी माझी मी.

दुरुस्ती माझ्या खिशातून झाली. मग सुट्टी काढून मी विमा कंपनीच्या शाखेत गेले. तिथल्या मुलीनं सांगितलं, थर्ड पार्टी चालू आहे, स्वतःच्या नुकसानाचा विमा वेगळा घेता येईल, पण आधी गाडी तपासतील. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही गेली, कारण जुना फुल विमा संपून नव्वदहून जास्त दिवस झाले होते. वर्षानुवर्षं मीच मिळवलेली सूट, आणि घालवताना मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

गाडी तपासून झाली. फॉर्म भरताना मुलीनं सहज विचारलं, "साहेबांचाच नंबर ठेवू ना? नोंद त्यांच्याच नंबरवर दिसून राह्यली."

"तो काढा," मी म्हटलं. "गाडी माझी आहे. माझा नंबर लिहा."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नंबर बदलला. एजंटचा फोन त्यानंतर दोनदा आला. मी उचलला नाही. राग अजून गेलेला नाही, आणि तो लवकर जावा असंही मला वाटत नाही.