पहिल्या सोमवारचा मेसेज

अकोल्याच्या साहेबांनी सर्व्हरवरच्या क्रॉनटॅबचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या वेळापत्रकाचा, स्क्रीनशॉट मला पाठवला. कोणतं काम आपोआप कधी चालतं, याचा साध्या मराठीत तक्ता त्यांना हवा होता. शेतकऱ्यांना मेसेज पाठवणारी ओळ होती: 0 7 1-7 * 1, म्हणजे सकाळी सात, एक ते सात तारखा आणि सोमवार.

"पयल्या सोमवारचा आहे तो. लिहून टाक ना!" साहेब फोनवर खेकसले.

अमरावतीच्या खोलीत मी येरझाऱ्या घालत होतो. तारीख आणि वार दोन्ही दिले, की क्रॉनला त्यातलं एक जुळलं तरी पुरतं. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं: एक ते सात तारखेला रोज, शिवाय दर सोमवारी, सकाळी सातला.

"म्हणून लोक मेसेज वाचत नाई काय!" साहेब म्हणाले.

दर्यापूरला बाबा त्याच मेसेजांनी वैतागले होते, तेव्हा नंबर मीच ब्लॉक करून दिला होता.