फुकटच्या तिकिटाचे पैसे

माझी शाळा चौथीपर्यंत. पण हिशेबात मला कोणी फसवलेलं नाही, असं मी साठ वर्षं छातीवर हात ठेवून सांगत आलो. फक्त एकदा मी स्वतःच फसलो, आणि तेही यशवंतपूरच्या रिझर्वेशनच्या खिडकीवर.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी असा का वागलो ते कळणार नाही. छप्पन्न-सत्तावन्न सालची असावी. बंगळूरला सरकारी कारखान्यात मला टर्नरचं काम लागलं होतं आणि लग्न होऊन दोन महिने झालेल्या बायकोला मी बेळगावहून घेऊन निघालो होतो. तिकीट पॅसेंजरच्या भाड्याचं काढलं आणि पुढे आली ती मेल, म्हणून मेलमध्ये चढलो. मेलचं भाडं वेगळं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. गाडी ती गाडी, रूळ तेच. हावेरी गेल्यावर चेकर आला. "तिकीट साधं, बसलाय मेलमध्ये. फरक द्या, दंड द्या, नाहीतर पुढच्या स्टेशनाला उतरा." सगळा डबा बघत होता. माझ्या खिशात पुरेसे नव्हते. बायकोने पदराची गाठ सोडली आणि आईने ओटीत घातलेले रुपये त्याच्या हातावर ठेवले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तेव्हापासून मला चेकरची भीती. हातातला कागद आणि दुसरा कागद यांत एका पैशाचा फरक दिसला की मी दोन्ही पुन्हा पुन्हा ताडून बघतो. त्यानंतर सरकारने भाड्यावर कर बसवला, दोन-चार वर्षांत तो भाड्यातच मिसळून टाकला. ते आकडेही मी पाठ करून ठेवले होते. पुढे सुपरफास्ट गाड्या आल्या तेव्हा मी रिटायर होत आलो होतो. त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

तर, बायकोच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं, कारण तिची बहीण तिथे राहते आणि नंतर सांभाळणारं कोणीतरी हवं. इस्पितळाने तारीख दिली आणि रेल्वेच्या सवलतीचा शिक्क्यानिशी फॉर्म पोस्टाने पाठवला. फोनवर तिथल्या माणसाने नीट सांगितलं होतं, "आजोबा, थर्ड एसीत पेशंटला भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला पाऊण माफ." मी ते फॉर्मच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं: तिचं शून्य.

रविवार होता. रविवारी खिडक्या दोनला बंद होतात. मी मल्लेश्वरमहून बसने गेलो आणि बाराच्या सुमाराला माझा नंबर लागला. खिडकीत चष्मा लावलेली बाई होती. तिने फॉर्म घेतला, उलटसुलट केला, मशीनवर टकटक केली.

"ताता, त्या दिवशी तीनच बर्थ आहेत. दोन देते." ताता म्हणजे कानडीत आजोबा. मग तिने रक्कम सांगितली.

माझ्या हिशेबाने माझं एकट्याचं पाव भाडं बसत होतं. ही रक्कम त्याहून बरीच जास्त होती.

"पेशंटचे किती धरले?" मी विचारलं.

तिने आकडा सांगितला. तो शून्य नव्हता.

"फॉर्मवर माफ आहे."

"भाडं माफ आहे ताता. रिझर्वेशन आहे, सुपरफास्ट आहे, टॅक्स आहे. ते सगळ्यांना."

"कागदावर माफ आणि तिकिटावर पैसे, असं कसं चालेल? मला शून्याचं तिकीट द्या."

"शून्याचं तिकीट मशीन देत नाही."

खरं सांगतो, पैसे खिशात होते. त्याच्या तिप्पट होते. मला पैसे जड झाले नव्हते. मला दिसत होता तो हावेरीच्या पुढचा डबा. इस्पितळाचा कागद म्हणतो माफ, तिकीट म्हणतं रुपये. चेकर दोन्ही समोरासमोर धरणार आणि म्हणणार, तुमची सवलत लागलेलीच नाही, फरक द्या नाहीतर उतरा. आणि या वेळी बायकोच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती.

पण हे बोलायचं कोणापुढे? मी म्हणालो, "मग नको." फॉर्म ओढून घेतला आणि रांगेबाहेर आलो. मागचा माणूस लगेच खिडकीला चिकटला.

बाकावर जाऊन बसलो. ऑपरेशन गुरुवारी, गाडी मंगळवारची. समोर घड्याळ. मनात एकच, तीन बर्थ.

शेजारी एक बाई फाईल घेऊन बसली होती, चाळिशीची, धारवाडकडची असावी. तिच्या फाईलमध्ये माझ्यासारखाच फॉर्म दिसला.

"अण्णा, असे परत का आलात?"

"फुकट म्हणतात आणि पैसे मागतात."

ती हसली. "पहिल्यांदा मीपण भांडले होते. आईला घेऊन सात वेळा गेलेय मी." तिने जुनं तिकीट काढलं. "हे बघा. भाडं म्हणजे तुम्हाला इतके किलोमीटर नेलं, त्याचं. तेवढंच माफ करतात. रिझर्वेशन म्हणजे ही जागा तुमच्या नावाने अडवून ठेवली, त्याचं. ती जागा दुसऱ्याला मिळाली नाही ना? मग द्यायचं. सुपरफास्ट म्हणजे ही गाडी कमी ठिकाणी थांबते, लवकर पोचवते, त्याचं. आणि एसी म्हटलं की जे काही द्यायचं त्याच्यावर सरकारचा टॅक्स. आमच्या स्लीपरला तो नाही."

"आणि चेकर?"

"चेकर ही ओळ बघतो." तिने बोट ठेवलं. "सवलत कसली ते इथे छापलंय. फॉर्मची झेरॉक्स जवळ ठेवा. शून्य कोणी शोधत नाही अण्णा. शून्य तुम्हीच शोधताय."

मेलचं भाडं वेगळं का, हे त्या दिवशी कळलं; तीही कमी ठिकाणी थांबायची. साठ वर्षांनी.

मी पुन्हा रांगेत लागलो, शेवटी. पुढे अकरा माणसं. प्रत्येक जण खिडकीत वाकला की मला वाटायचं, हा माझे बर्थ नेतोय. एकाने तर पाच फॉर्म काढले. दोनला दहा कमी असताना चष्मेवाली म्हणाली, "ताता, आता एकच कन्फर्म आहे. दुसरं आरएसी. बसायला जागा मिळेल, झोपायला नाही."

"कन्फर्म तिच्या नावाने असू द्या."

"सरी, ठीक आहे." पैसे मी मोजून दिले.

मंगळवारी गाडीत बायको खालच्या बर्थवर आडवी झाली. मी पॅसेजच्या बाजूच्या अर्ध्या सीटवर, एका अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"तुम्हाला का नाही बर्थ?" तिने विचारलं.

"गर्दी होती."

तुमकूर गेलं आणि काळा कोट आला. मी तिकीट आणि झेरॉक्स दोन्ही काढून उभा राहिलो. दोन्ही मी इतके घट्ट धरले होते की त्याने ते माझ्या हातातच वाचले. ती ओळ बघितली, बायकोकडे बघितलं, यादीवर खूण केली. "बसा आजोबा," म्हणाला आणि पुढे गेला.

बायको पडल्यापडल्या बघत होती. तिचा उजवा हात पदराच्या टोकाशी गेला होता. तिथे गाठ मारलेली होती.

"लागतील वाटलं," ती म्हणाली.

खिडकी सोडून मी निघून आलो होतो, हे तिला आजवर सांगितलेलं नाही. ऑपरेशन झालं, ती घरात आहे, आणि हे ती वाचणार आहे. म्हणेल काय ते म्हणेल.