एकशे बारा नंबरच्या नकाशावरचा ठिपका

दफ्तरखान्यातल्या फोटोच्या खोलीत ती पंधरा वर्षं बसते. कॅमेरावाल्याने काढलेल्या फोटोंवरचे डाग-ठिपके संगणकावर पुसायचे, हे तिचं काम. सगळे तिला ठिपकेताई म्हणतात, आणि तिलाही त्याचा राग येत नाही.

त्या दिवशी जुन्या गावनकाशांचे दोनशे चाळीस फोटो तिच्यापुढे आले. या नकाशांवर शाईचा ठिपका म्हणजे विहीर. दुपारी पाणीखात्याचे इंजिनियर फोटो नेणार होते आणि बुजलेल्या विहिरी उकरायला घेणार होते. टंचाईने गावोगाव लोकांच्या नाकी नऊ आले होते.

"अहो दादा," ती कॅमेरावाल्याला म्हणाली, "प्रत्येक गावाला उजव्या कोपऱ्यातच विहीर कशी हो?"

कॅमेरावाल्याचा चेहरा उतरला. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, धूळ बसली होती. नकाशा कडेपर्यंत स्पष्ट यावा म्हणून त्याने लेन्सचं छिद्र बारीक ठेवलेलं, आणि तेवढ्या बारीक छिद्रात धूळ लपत नाही, फोटोत डाग होऊन उमटते. कण जागचा हलला नव्हता, त्यामुळे नकाशा बदलला तरी डाग जिथल्या तिथे.

तिने एका फोटोतला डाग शेजारच्या कोऱ्या कागदाचा तुकडा घेऊन बुजवला आणि तीच दुरुस्ती सगळ्या फोटोंना एकदम लावली. पाच मिनिटांत काम फत्ते.

"सुटलो बुवा!" कॅमेरावाला म्हणाला.

"सुटलात कसले? अजून दोनशे चाळीस बघायचेत."

याच चिवटपणावरून लोक तिची टर उडवतात. ती मात्र प्रत्येक फोटो आधीचा आणि नंतरचा, असा आलटून पालटून बघत बसली. एकशे बाराव्याला थांबली. पुसण्याआधी तिथला डाग इतरांपेक्षा गडद होता आणि त्याची कड रेखीव होती. धुळीचा डाग फिकट असतो, त्याच्या कडा विरलेल्या असतात.

ती उठून दफ्तरखान्याच्या साहेबांकडे गेली. "साहेब, इथे धुळीखाली काहीतरी आहे. मूळ कागद काढायला लागेल."

"ताई, इंजिनियरांची गाडी दारात उभी आहे! एका ठिपक्यासाठी?"

"तो मीच पुसलाय. माझ्या हातून एका गावाचं पाणी गेलं तर मला घास गोड लागायचा नाही."

साहेबांनी कुरकुरत कपाट उघडलं. तिने भिंग लावलं. शाईच होती. कॅमेरावाल्याने सेन्सर साफ केला, तेवढा नकाशा पुन्हा टिपला. इंजिनियर तासभर चरफडत बसले होते, पण हिने फोटो नीट तपासल्याशिवाय दिला नाही.

तीन आठवड्यांनी इंजिनियरांचा फोन आला. एकशे बारा नंबरच्या गावात ठिपक्याच्या जागी दगडी बांधकाम निघालं होतं, आणि त्या सकाळी पाणी लागलं होतं.

चष्मा काढून ती सगळ्यांदेखत रडली. टर उडवणाऱ्यांनीच तिला पाणी आणून दिलं.

"ताई, धूळ माझी होती," कॅमेरावाला म्हणाला.

"आणि पुसणारा हात माझा होता, दादा," ती म्हणाली.